जुन्या पत्राचा सारांश: मागणं आणि मन दोन्ही राखून (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

पेशवाईतल्या एखाद्या लांबलचक पत्राचा आजच्या मराठीत सारांश करायला बसलं की बहुतेकांची गाडी त्याच चार-पाच ठिकाणी अडते. दरबारी खलिते, करारमदार आणि हिशेबी पत्रं इथे बाजूला ठेवली आहेत. हे सगळं घरगुती आणि अर्धघरगुती पत्रांबद्दल आहे, जिथे माणूस काहीतरी मागतो आणि मागताना अवघडतो.

समजवायला एखादं पत्र आहे का?

आहे. खालचं पत्र खरं नाही, नमुन्यासाठी रचलेलं आहे. धाटणी मात्र अठराव्या शतकातलीच ठेवली आहे. मूळ पत्र याच्या चौपट-पाचपट लांब असतं असं समजा.

> तीर्थस्वरूप राजश्री दादा वडिलांचे सेवेसी. अपत्यें साष्टांग नमस्कार विनंति येथील क्षेम तागाईत छ १२ जिल्काद मुक्काम लष्कर वडिलांचे आशीर्वादेंकरून यथास्थित असे. विशेष. वडिलीं पत्र पाठविलें तें पावोन चार मास जाले. त्याउपरि पत्र येऊन परामर्श जाला नाहीं. निरंतर मार्गप्रतीक्षा करितों. कोण अपराध घडला हें कळत नाहीं. मातुश्रींचे शरीरीं समाधान नाहीं म्हणोन परभारें ऐकिलें. त्याजवरून चित्त स्वस्थ नाहीं. येथें खर्चाची ओढ बहुत. नेमणूक सहा महिने पावली नाहीं. घोडें पडलें. सरकारांतून वरात जाली आहे ते सावकार पटवीत नाहीं. ऐशास वडिलांस लिहावें तरी संकोच, न लिहावें तरी निभावणी कैसी होते? तरी वडिलीं कृपा करून दोनशें रुपये तजवीज करून या जासुदाबराबर पाठविलें पाहिजे. मातुश्रींचे प्रकृतीचें वर्तमान सविस्तर लिहावें. चिरंजीवाची मुंज मी आलियाखेरीज करूं नये. वडील समर्थ आहेत. मी लिहावें ऐसें नाहीं. उत्तर सत्वर येई तें केलें पाहिजे. बहुत काय लिहिणें. लोभ असों दीजे. हे विनंति.

आणि समासात, आडवी ओळ:

> मातुश्रींस माझे खर्चाचें वर्तमान श्रुत न करावें.

यात अवघड काय आहे? शब्द तर ओळखीचे वाटतात.

अडचण नेमकी तिथेच आहे. अनोळखी शब्द आला की आपण कोश उघडतो, ओळखीचा आला की तसेच पुढे जातो आणि तोच दगा देतो. एकदा एकाने याच नमुन्याचा सारांश आणून दाखवला होता: ‘मुलाने वडिलांना कळवले आहे की घरच्यांची ओढ फार लागली आहे, नेमणूक झालेली नाही, घोडा पडला, वरात निघाली आहे पण सावकाराला पटवता येत नाही, आणि दोनशे रुपये पाठवलेच पाहिजेत.’ हसू नका, मीही असं केलेलं आहे.

‘खर्चाची ओढ’ म्हणजे पैशाची चणचण. ओढगस्त या शब्दात तो अर्थ अजून शिल्लक आहे. ‘नेमणूक’ म्हणजे ठरवून दिलेली रक्कम. ‘घोडें पडलें’ म्हणजे घोडं मेलं. ‘वरात’ म्हणजे अमक्याकडून पैसे घ्यावेत असा लेखी हुकूम, आणि ‘पटवणे’ म्हणजे तो वटवून रोख देणे. ‘शरीरीं समाधान नाहीं’ याचा अर्थ आई नाराज आहे असा नाही, ती आजारी आहे. ‘परामर्श’ आज समीक्षेत भेटतो, इथे तो विचारपूस या अर्थी आहे.

यासाठी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश हाताशी ठेवा. त्याची दुसरी आवृत्ती 1857 ची, म्हणजे हे अर्थ लोकांच्या तोंडी होते त्या काळाच्या जवळची. सवय अशी लावून घ्यायची की वाक्य विचित्र लागलं की त्यातला सगळ्यात सोपा शब्द आधी तपासायचा. लष्करातल्या अडचणींच्या यादीत मध्येच वरात निघाली तर शंका यायलाच हवी.

‘पाठविलें पाहिजे’ म्हणजे पाठवलंच पाहिजे ना?

नाही, आणि या पानावरचा एकच मुद्दा लक्षात ठेवणार असाल तर हा ठेवा. आज ‘पाहिजे’मध्ये सक्ती आहे. त्या काळच्या पत्रात ‘कृपा करून पाठविलें पाहिजे’ ही अदबीची विनंती असते. शब्दशः उतरवलंत तर हात जोडून उभा असलेला माणूस टेबलावर मूठ आपटताना दिसू लागतो. मागणी तीच राहते, माणूस मात्र बदलतो.

क्रियापदाच्या शेवटावरून लिहिणाऱ्याची पायरी बरीचशी कळते. ‘करणें’, ‘पाठवणें’ असा शेवट मागणीच्या जागी आला तर ती बहुधा वरून खाली आलेली आज्ञा असते. ‘करावें’, ‘लिहावें’ मधलं आहे, बरोबरीच्याला चालतं आणि वडीलधाऱ्यालाही चालतं. ‘केलें पाहिजे’ हे आर्जव. आपल्या पत्रात पैशासाठी आणि उत्तरासाठी ‘पाहिजे’ आहे, आईच्या बातमीसाठी ‘लिहावें’ आहे आणि मुंजीसाठी चक्क ‘करूं नये’. जिथे स्वतःची गरज आहे तिथे तो वाकतो, आणि जिथे हक्क वाटतो तिथे ताठ बोलतो. हा फरक सारांशात यायला हवा. पैशासाठी ‘विनवतो’ आणि मुंजीसाठी ‘करू नये असं स्पष्ट सांगतो’ लिहिलंत की काम झालं.

हा नियम काही कायद्यासारखा चालत नाही. घाईत लिहिणारा कारकून शेवट मिसळतोही. एका क्रियापदावर निकाल देऊ नका, पत्रभर काय चाललंय ते बघा.

मायना आणि शेवटची ठरीव वाक्यं गाळली तर चालतील का?

सारांशातून गाळा, पण न वाचता गाळू नका. ‘येथील क्षेम यथास्थित असे’ हे जवळजवळ प्रत्येक पत्रात असतं. त्याचा ‘आम्ही इथे सुखात आहोत’ असा सारांश केला तर पुढच्या ओळीतली उपासमार खोटी ठरते. ठरीव वाक्याला माहिती म्हणून किंमत नसते.

पण ठरीव वाक्य मोडलेलं दिसलं तर थांबा. ‘बहुत काय लिहिणें’ हा नेहमीचा समारोप, त्याने कुणाचं काळीज हलत नाही. त्याच जागी कुणी ‘बहुत काय लिहावें, लिहितां पुरवत नाहीं’ असं काही लिहिलं असेल तर तिथे लेखणी साच्यातून सुटली आहे. आधीच्या पत्रांतला मोठा मायना अचानक आखडलेला दिसला तर तीही बातमीच. अर्थात, हे कळायला त्याच माणसाची निदान तीन-चार पत्रं डोळ्याखालून गेलेली हवीत. एकाच पत्रावरून ‘थंडपणे लिहिलं आहे’ असं म्हणू नये.

‘अपत्यें’ आहे म्हणजे मुलाने बापाला लिहिलंय, बरोबर?

घाई नको. ‘तीर्थस्वरूप’ आणि ‘वडील’ कुठल्याही वडीलधाऱ्याला लावतात, आणि धाकट्या नात्याचा कुणीही स्वतःला ‘अपत्यें’ म्हणवून घेतो. इथे ‘दादा’ आहे, म्हणजे बहुधा थोरला भाऊ. ‘वडील समर्थ आहेत’ यातले वडीलही तिसरे कुणी नाहीत, ‘आपण समर्थ आहात’ असं तो समोरच्यालाच म्हणतो आहे.

‘चिरंजीव’ त्याहून निसरडा. तो स्वतःचा मुलगा असेल, पुतण्या असेल किंवा धाकटा भाऊही असेल. पत्रातून ठरत नसेल तर सारांशातही ठरवू नका, ‘घरातल्या मुलाची मुंज’ एवढंच लिहा.

मागण्या एकही न सुटता कशा वेचायच्या?

रंगीत पेन्सिल घ्या आणि आधी फक्त सांधे शोधा. मोडी मजकूर सलग असतो, शब्द तोडलेले नसतात, विरामचिन्हं नसतात. छापील पत्रसंग्रहात दिसणारे पूर्णविराम बहुतेक वेळा संपादकाने घातलेले असतात. त्यामुळे वाक्य कुठे संपतं यावर भिस्त ठेवता येत नाही, सांध्यांवर ठेवावी लागते. ‘विशेष’ आलं की मायना संपला. ‘ऐशास’ किंवा ‘त्यास’ आलं की हकीकत संपून वळण येतं. आणि ‘तरी’ आलं की बहुधा मागणी. आपल्या पत्रात ‘तरी’ तीनदा आहे: दोन संकोचाच्या वाक्यात ‘केलं तरी, न केलं तरी’ या चालीचे, आणि तिसरा, वाक्याच्या तोंडाशी आलेला, ‘म्हणून’ या अर्थाचा. मागणी त्या तिसऱ्यामागे उभी आहे.

मग मागण्या एकाखाली एक उतरवा, प्रत्येकीसमोर अटही लिहा. दोनशे रुपये, पण *याच जासुदाबरोबर*, म्हणजे पत्र आणणाऱ्या निरोप्याबरोबर. आईची बातमी, पण *सविस्तर*. मुंज, *मी आल्याखेरीज नको*. उत्तर, *लवकर*. सारांशात अट गळली की मागणी निम्मी होते. ‘या जासुदाबराबर’ काढून टाकलंत तर निकड गेली. जासूद दाराशी ताटकळत असताना पैशाची जमवाजमव करायची आहे, हे चित्रच पुसलं जातं.

एवढं झालं की कागद फिरवून समास बघा.

समास कशाला?

समास म्हणजे कागदाची सोडलेली बाजू. लिहिता लिहिता जागा संपली किंवा नंतर काही आठवलं की तिथे आडवं लिहीत. बऱ्याच पत्रांचा मजकूर कारकुनाच्या हातचा असतो आणि शेवटच्या किंवा समासातल्या दोन-चार ओळी पाठवणाऱ्याने स्वतः लिहिलेल्या असतात. संपादकाने तशी नोंद दिली असेल तर ती सोन्यासारखी जपा.

सुरुवातीला मी एका पत्राचा सारांश छायाप्रतीवरून केला होता, आणि प्रत काढताना कडा कापली गेली होती. मूळ कागद पाहिला तेव्हा त्या कडेवर एक पूर्ण विनंती निघाली. तेव्हापासून कागदाच्या चारही कडा दिसत नसतील तर मी सारांशाला हात लावत नाही.

नमुना पत्रातली समासाची ओळ पाहा. ती पाचवी मागणी आहे आणि सगळ्यात लहान आहे. पण चार महिने विचारपूस नाही म्हणून रुसलेला, पैशाने गांजलेला हा माणूस शेवटी म्हणतो की आईला हे कळू देऊ नका. ही ओळ सुटली तर तुमच्या सारांशात फक्त पैसे मागणारा भाऊ उरतो.

भावना लिहायच्या म्हणजे आपण कल्पना लढवायची का?

मुळीच नाही. प्रत्येक भावनेला पत्रातला एक शब्द साक्षीला उभा राहिला पाहिजे. ‘चित्त स्वस्थ नाहीं’ आहे म्हणून काळजी. ‘कोण अपराध घडला’ आहे म्हणून दुखावलेपण. ‘संकोच’ तर त्याने स्वतःच लिहिला आहे. पण ‘त्याचा एकटेपणा’, ‘युद्धाला कंटाळलेलं मन’ असलं काही लिहाल तर ते तुमचं, त्याचं नव्हे.

उलट चूकही तितकीच होते. ‘मी लिहावें ऐसें नाहीं’ हे वाक्य सभ्यतेचं म्हणून लोक फेकून देतात. त्यात टोचणी आहे: आपण समजूतदार आहात, मी सांगायची वेळ येऊ नये. ठरीव म्हणावं तर ठरीव आहे, पण चार महिन्यांच्या मौनाच्या तक्रारीनंतर आलं आहे. मी ते सारांशात अर्ध्या वाक्याने राखतो. कुणी गाळलं तर भांडणार नाही.

‘परभारें ऐकिलें’वर मात्र भांडेन. आई आजारी आहे ही बातमी त्याला घरून आली नाही, तिऱ्हाइताकडून आली. तक्रार आणि काळजी एकाच शब्दात आहेत. ‘आई आजारी असल्याचं कळलं’ एवढंच लिहिणं म्हणजे तक्रार पुसणं.

मूळ शब्द किती ठेवायचे?

एखादंच वाक्य, तेही जे आजच्या वाचकाला टीपेशिवाय कळतं. इथे मी ‘लिहावें तरी संकोच, न लिहावें तरी निभावणी कैसी’ ठेवतो. त्याचा सरळ अनुवाद केला की तोल जातो. जासूद, वरात असे ज्यांना आज नेमका पर्याय नाही ते शब्दही ठेवा आणि पहिल्यांदा येतील तिथे वाक्यातच उलगडा.

मग तयार सारांश कसा दिसतो?

असा:

> लष्कराच्या मुक्कामावरून धाकट्या नात्यातल्या एकाने ‘दादां’ना, बहुधा थोरल्या भावाला, हे पत्र लिहिलं आहे. दादांचं शेवटचं पत्र येऊन चार महिने झाले. त्यानंतर विचारपूस नाही आणि आपलं काय चुकलं ते कळत नाही, याचं त्याला वाईट वाटतं. आई आजारी असल्याचं त्याला घरून नव्हे, परस्पर कळलं, आणि तेव्हापासून त्याचं मन थाऱ्यावर नाही. हातात पैसा नाही: ठरलेली रक्कम सहा महिने मिळालेली नाही, घोडं मेलं, आणि सरकारने दिलेली वरात, म्हणजे पैसे देण्याचा हुकूम, सावकार वटवत नाही. ‘लिहावें तरी संकोच, न लिहावें तरी निभावणी कैसी’ अशा कोंडीत तो विनवतो की दोनशे रुपये जमवून याच जासुदाबरोबर, म्हणजे पत्र आणणाऱ्या निरोप्याबरोबर, पाठवावेत. आईच्या प्रकृतीची बातमी सविस्तर कळवावी आणि उत्तर लवकर यावं, हेही तो मागतो. घरातल्या मुलाची मुंज मात्र आपण आल्याखेरीज करू नये, असं तो स्पष्ट सांगतो. दादांना हे सांगायची गरज पडू नये, असंही सुचवतो. समासात एक ओळ आहे: आपल्या पैशाच्या अडचणीबद्दल आईला कळू देऊ नये.

क्रम जवळजवळ मूळचाच ठेवला आहे. मागण्या वर आणून मग कारणं लिहिली तर वाचायला सोपं होतं, पण हा माणूस आधी रुसतो, मग आईबद्दल बोलतो आणि पैशावर सगळ्यात शेवटी येतो. तो उशीर म्हणजेच संकोच. उतारा थोडका असल्याने सारांश फारसा आखडला नाही. मूळ पत्र पाचपट लांब असेल तर हकीकत आवळा, मोहिमेच्या मुक्कामांची दोन पानं दोन वाक्यांत आणा, पण मागण्यांची संख्या तेवढीच राहील.

सारांश ‘मी’ म्हणून लिहावा की ‘तो’ म्हणून?

‘तो’ म्हणून. ‘मी’ वापरलं की वाचकाला ते पत्रच वाटतं आणि तुमचे शब्द त्याच्या तोंडी जातात.

तारखेचं काय करायचं?

‘छ’ म्हणजे चंद्र, पुढे हिजरी महिन्यातला दिवस. वर्ष दिलं असेल तर ते अनेकदा शुहूर सनात, अरबी अंकांच्या शब्दांत असतं: ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, एकूण 1161. त्यात 599 किंवा 600 मिळवले की इसवी सन येतो, इथे 1760-61. हे वर्ष मृगाला बदलतं, म्हणून दोन आकडे. घरगुती पत्रात वर्ष नसतंच पुष्कळदा. तसं असेल तर ‘वर्ष दिलेलं नाही’ असं लिहून मोकळे व्हा.

पत्र मुद्दाम आडून लिहिलेलं असेल तर?

पानिपतच्या पराभवानंतर, 1761 च्या जानेवारीत, बातमी पेशव्यांना कळली ती सावकारी पत्रातून, असं सांगतात. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरपल्या आणि चांदी-तांबं किती गेलं त्याची गणती नाही, असा त्याचा आशय. मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ, मोहरा म्हणजे सरदार, बाकी खुर्दा म्हणजे फौज. याचा सारांश ‘सावकाराचं मोठं नुकसान झालं’ असा केला तर शब्द सगळे बरोबर आणि पत्र सगळं चूक.

अशा ठिकाणी दोन थर वेगळे लिहावेत: पत्रात काय लिहिलं आहे ते आधी, आणि त्याचा अर्थ काय घेतात ते नंतर, ‘म्हणजे’ किंवा ‘असं समजतात’ म्हणून. पत्राबाहेरचा काहीच आधार नसेल तर पहिल्या थरावर थांबा. प्रत्येक मोत्यात माणूस शोधायचा नसतो, काही सावकारांचे मोती खरेच हरवलेले असतात.

सारांश नीट झाला की नाही हे कसं ओळखायचं?

ज्याने मूळ पत्र वाचलेलं नाही अशा कुणाला सारांश द्या आणि दादांच्या वतीने उत्तर लिहायला सांगा. मग ते उत्तर मूळ पत्राशेजारी ठेवा. उत्तरात पैसे, आई, मुंज या तिन्हींबद्दल काही आहे का? चार महिने पत्र का आलं नाही, याची सबब किंवा सारवासारव आहे का? नसेल तर तुमच्या सारांशात तक्रार पोचलेली नाही. आणि उत्तर लिहिणाऱ्याने ‘तुझी हालत आईला सांगितली, ती रडली’ असं लिहिलं, तर समासातली ओळ कुठेतरी गळली आहे.